स्टीम डेक टीव्हीला जोडलं की चित्र का बिघडतं, आणि ते कसं सुधारायचं

स्टीम डेक हे व्हॉल्व्ह कंपनीचं हातात धरून गेम खेळायचं यंत्र. त्यावर खेळताना चित्र इतकं नेटकं दिसतं की मोठ्या टीव्हीवर ते आणखी खुलेल असं कुणालाही वाटावं. प्रत्यक्षात डॉकला, म्हणजे टीव्हीशी जोडायच्या बैठकीला, लावल्यावर बहुतेक वेळा हिरमोड होतो. अक्षरं पुसट दिसतात, कडा दातेरी होतात, बाजूला काळ्या पट्ट्या येतात आणि बटण दाबल्यावर पात्र किंचित उशिरा हलतं. लोक म्हणतात, एवढ्याशा यंत्राची ताकद ती किती असणार. ताकदीला मर्यादा आहे हे खरंच, पण वरच्या तक्रारींपैकी बऱ्याचशा सेटिंगच्या आहेत आणि अर्ध्या तासात निस्तरता येतात.

माझा भाचा नागपूरच्या मनीषनगरला राहतो. त्याच्याकडे एलसीडी स्क्रीनचा डेक आहे, ४३ इंची फोर-के टीव्ही आहे, बर्डीच्या बाजारातून घेतलेला, डॉकचंच काम करणारा साधा यूएसबी-सी हब आहे आणि घरात पडून असलेली जुन्या सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय केबल आहे. त्याचा फोन आला तेव्हा तक्रार अगदी थोडक्यात होती: "मामा, हातात तर मस्त दिसते, अन् टीव्हीवर भकास दिसून राहिलं. टीव्ही फोर-के आहे ना आपला!" इथे त्याचीच जोडणी धरून पुढे जाऊ, कारण बहुतेक घरांत सामान थोड्याफार फरकाने असंच असतं.

## रिझोल्यूशन एक नाही, दोन असतात

सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे, म्हणून आधी हे नीट समजून घेऊ.

डेकच्या स्वतःच्या स्क्रीनवर आडवे १२८० आणि उभे ८०० ठिपके आहेत. गेम प्रत्येक फ्रेम, म्हणजे हलत्या दृश्यातलं एकेक चित्र, त्या मापात काढतो आणि ती जशीच्या तशी स्क्रीनवर उमटते. टीव्ही जोडला की मध्ये एक पायरी वाढते. गेम एका मापात चित्र काढतो, मग डेकची यंत्रणा ते चित्र ताणून दुसऱ्या मापात बसवते आणि त्या दुसऱ्या मापात ते केबलमधून टीव्हीकडे जातं. पहिलं माप गेमचं, दुसरं सिग्नलचं. टीव्हीच्या रिमोटवर इन्फोचं बटण दाबल्यावर जो आकडा दिसतो तो फक्त दुसऱ्या मापाचा असतो. पहिल्याविषयी टीव्हीला काहीच ठाऊक नसतं.

भाच्याच्या टीव्हीवर `3840x2160` असं झळकत होतं, म्हणजे सिग्नल खरंच फोर-के होता. पण गेम मात्र १२८० × ८०० मध्येच चालला होता. प्रत्येक गेमच्या सेटिंगमध्ये `Game Resolution` नावाचा एक रकाना असतो. तो `Default` वर असला की डेक बऱ्याच गेमना आपल्या छोट्या स्क्रीनचंच माप दाखवतो, टीव्ही कितीही मोठा असो. यामागचा विचार वाईट नाही. डॉकला लावल्या लावल्या गेमने फोर-के रंगवायला घेतलं असतं तर तो रांगायला लागला असता. पण परिणाम असा की दहा लाख ठिपक्यांचं चित्र त्र्याऐंशी लाख ठिपक्यांच्या पडद्यावर ताणून लावलं जातं. पुसट दिसणारच.

त्यात मापाचा आकारही जुळत नाही. डेकची स्क्रीन १६:१० या प्रमाणातली आहे आणि टीव्ही १६:९ चा. त्यामुळे १२८० × ८०० चं चित्र टीव्हीवर लावलं की डाव्या-उजव्या बाजूला काळी पट्टी राहते. काही गेम १६:९ पलीकडे जातच नाहीत. ते डेकच्या ८०० ओळींतही वर-खाली पट्टी सोडतात आणि टीव्हीवर गेल्यावर बाजूच्या पट्ट्याही जोडल्या जातात. चारही बाजूंनी काळी चौकट दिसली तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये शोधत बसू नका. गेम अजून ८०० मध्ये चालतोय एवढाच त्याचा अर्थ.

## टीव्हीकडे फोर-के नको, टेन-एटी-पी पाठवा

माझा सल्ला ऐकून भाचा नाराज झाला होता, पण तो पक्का आहे: फोर-के टीव्ही असला तरी डेकमधून सिग्नल १९२० × १०८० चा, म्हणजे टेन-एटी-पीचा, आणि ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला साठदा, पाठवावा. मग पुढच्या बऱ्याच अडचणी येतच नाहीत.

हिशेब करून बघू. १२८० × ८०० म्हणजे साधारण १० लाख २४ हजार ठिपके. १९२० × १०८० म्हणजे २० लाख ७४ हजार, म्हणजे दुप्पट. फोर-के म्हणजे ८२ लाख ९४ हजार, म्हणजे आठपट. डेकचा चिप हातातल्या स्क्रीनचं काम हिशेबात ठेवून केलेला आहे. दुप्पट काम हलक्या गेममध्ये तो निभावून नेतो, आठपट काम जवळजवळ कोणत्याच नव्या गेममध्ये नाही. गेम लहान मापात ठेवून फक्त सिग्नल फोर-के केला तरी प्रत्येक फ्रेम एवढी मोठी ताणायचं काम त्याच चिपला करावं लागतं. ते फुकट होत नाही. तेवढी ताकद गेमच्या वाट्यातून जाते.

उलट टेन-एटी-पीचा सिग्नल फोर-के पॅनेलवर गणिताने चपखल बसतो. आडवं दुप्पट, उभं दुप्पट, एका ठिपक्याचे चार. हे काम टीव्हीचा स्वतःचा चिप करतो आणि तो याच कामासाठी बसवलेला असतो. सोफ्यावरून, सात-आठ फुटांवरून ४३ इंची पडद्यावर खेळताना जे दिसतं ते समाधानकारक असतं.

दुसरी गोष्ट हबची. भाच्याच्या हबवर फोर-के असं ठसठशीत छापलेलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. फक्त त्यापुढे ३० हर्ट्झ असं बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. स्वस्त हबमध्ये हे सर्रास दिसतं. यूएसबी-सी पोर्टमध्ये वेगवान माहितीच्या चार वाटा असतात. हबला वेगवान यूएसबी पोर्टही द्यायचे असतील तर त्यातल्या दोन वाटा तिकडे जातात, चित्रासाठी दोनच उरतात आणि त्यांतून अनेकदा फोर-के सेकंदाला तीसदाच मावतं. काही हबमध्ये एचडीएमआयची बाजूच जुन्या १.४ आवृत्तीची असते, तिलाही फोर-केला तीसचीच मर्यादा. व्हॉल्व्हच्या अधिकृत डॉकला एचडीएमआय २.० आहे आणि तो फोर-के ६० हर्ट्झवर नेतो. पण टेन-एटी-पी ६० हर्ट्झ तर साधा हबही नेतो आणि ती जुनी केबलही. म्हणजे नवं काही विकत घ्यायची गरजच उरत नाही.

तीस हर्ट्झवर अडकलोय हे ओळखायला गेम सुरू करायचीही गरज नाही. स्टीमच्या मेनूत गेमच्या चित्रांची रांग डावी-उजवीकडे सरकवून पाहा. डेकच्या स्क्रीनवर ती लोण्यासारखी सरकते. टीव्हीवर ती अडखळत सरकत असेल तर रिमोटवरचं इन्फो बटण दाबा. बहुतेक टीव्ही कोपऱ्यात रिझोल्यूशनसोबत हर्ट्झही दाखवतात. भाच्याचा टीव्ही `30Hz` दाखवत होता. त्याने हौसेने यादीतला सगळ्यात मोठा आकडा निवडला होता.

बदलायचं असं. डेक टीव्हीला जोडलेला असताना `STEAM` बटण दाबून `Settings` मध्ये जा, तिथे `Display`. बाहेरच्या स्क्रीनसाठी `Automatically Set Resolution` असा खटका दिसेल. तो बंद केला की खाली रिझोल्यूशनची यादी उघडते. त्यातून `1920x1080` घ्या आणि रिफ्रेश रेट ६० ठेवा. यादीत ५० किंवा ३० सुद्धा दिसू शकतात, कारण टीव्ही त्याला चालणारे सगळे आकडे डेकला कळवतो. पन्नास हर्ट्झ आपल्याकडच्या टीव्ही प्रसारणासाठी ठीक आहे, गेमसाठी नाही. साठ फ्रेम काढणारा गेम पन्नासच्या पडद्यावर सेकंदाला दहा फ्रेम गाळतो आणि कॅमेरा फिरवताना हलका झटका जाणवत राहतो.

खोलीत फोर-के ऐवजी ३२ इंची 'एचडी रेडी' टीव्ही असेल, आणि असे टीव्ही अजून घरोघरी आहेत, तर त्याचं पॅनेल बहुधा १३६६ × ७६८ चं असतं. टेन-एटी-पी तो स्वीकारतो, पण मग दाबून लहान करतो. तिथे सरळ `1280x720` पाठवा आणि गेमही त्याच मापात ठेवा. डेकवर ताण हातातल्यापेक्षाही थोडा कमी पडतो आणि चित्रात गमावण्यासारखं काही नसतं.

## आता टीव्हीकडे वळू

बटण दाबल्यावर उशीर होतो, तो डेकमुळे क्वचितच होतो. टीव्ही आलेली प्रत्येक फ्रेम थांबवून सुशोभित करतो. चित्रातली दाणेदार खरखर पुसतो, रंग भडक करतो, दोन फ्रेमांच्या मध्ये स्वतःच्या मनाने तिसरी घालतो. मालिका किंवा सामना बघताना हा उशीर कळत नाही, कारण आपण काही दाबत नसतो. गेममध्ये मात्र काही टीव्हींवर हा उशीर १०० मिलिसेकंदांच्या वर जातो, म्हणजे साठच्या हिशेबाने सहा फ्रेमांहून जास्त. गेम मोड लावला की टीव्ही हे सोपस्कार बहुतांश गुंडाळतो आणि उशीर सहसा १० ते २० मिलिसेकंदांच्या आसपास येतो.

गेम मोड कुठे असतो हे कंपनीगणिक बदलतं. सॅमसंगमध्ये तो बाहेरच्या उपकरणांच्या, म्हणजे `External Device Manager` च्या सेटिंगमध्ये असतो. एलजीच्या नव्या टीव्हींत पिक्चर मोडमध्येच `Game Optimizer` असतो. सोनीत पिक्चर मोडच्या यादीत `Game` असतो. काही नवे टीव्ही कन्सोल ओळखून स्वतःहून गेम मोडमध्ये जातात. पण हबमधून जोडलेल्या डेकबाबत त्यावर विसंबू नका, स्वतः जाऊन बघा. आणखी एक: बहुतेक टीव्ही पिक्चर मोड प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी वेगळा लक्षात ठेवतात. आज पहिल्या पोर्टवर गेम मोड लावलात आणि उद्या कुणी झाडझूड करताना केबल दुसऱ्या पोर्टला लावली, तर गेम मोड गेला. पोर्ट एकच ठरवून ठेवा.

गेम मोड लावल्यावर पहिली प्रतिक्रिया अनेकदा "हे तर फिकं दिसून राहिलं" अशी असते. दुकानात टीव्ही ज्या `Vivid` किंवा `Dynamic` मोडमध्ये मांडलेला असतो त्याची डोळ्यांना सवय झालेली असते. दोन दिवस धीर धरा. त्यातूनही बदलायचंच असेल तर ब्राइटनेस किंवा बॅकलाइट वाढवा आणि वीज वाचवण्याचा मोड बंद करा, कारण तो अंधाऱ्या प्रसंगात पडदा आणखी काळवंडवतो. शार्पनेस मात्र वाढवू नका. तो तपशील वाढवत नाही, कडांभोवती पांढरी रेघ काढतो, आणि कमी रिझोल्यूशनच्या चित्रात ती रेघ दातेरीपणा आणखी उठवते. इथे एक गंमत आहे. सॅमसंगमध्ये शार्पनेस शून्य म्हणजे टीव्ही काही करत नाही, पण सोनीत काही न करण्याचा आकडा ५० आहे. सोनीत शून्य केलंत तर चित्र मुद्दाम मऊ होतं.

कडेचा भाग कापला जात असेल, म्हणजे कोपऱ्यातलं आयुष्याचं मीटर अर्धं बाहेर गेलं असेल, तर तो टीव्हीचा जुना रिवाज. जुन्या प्रसारणात कडांना कचरा असायचा, तो लपवायला टीव्ही चित्र किंचित मोठं करून कडा पडद्याबाहेर ढकलायचे. ती सवय काही टीव्हींत अजून आहे. याने नुसती कड जात नाही, सगळं चित्र पुन्हा ताणलं जातं आणि एका ठिपक्याचे चार हा आपला चपखल हिशेब मोडतो. चित्राच्या मापाच्या सेटिंगमध्ये सॅमसंगमध्ये `Fit to Screen`, एलजीत `Just Scan`, सोनीत `Full Pixel` किंवा तशाच नावाचा पर्याय शोधा. चित्र छोटं करायची सोय डेकमध्येही आहे, पण आधी टीव्हीवर प्रयत्न करावा. तिकडे कड कापायची आणि इकडे चित्र लहान करायचं, म्हणजे दोनदा नुकसान.

काळा रंग राखाडी दिसत असेल, किंवा उलट, गुहेत शिरल्यावर काहीच दिसत नसेल, तर काळ्याच्या पातळीचा घोळ आहे. संगणकी पद्धतीत काळा म्हणजे शून्य आणि पांढरा म्हणजे २५५. टीव्हीच्या पद्धतीत काळा १६ आणि पांढरा २३५. एकाने एक भाषा बोलायची आणि दुसऱ्याने दुसरी ऐकायची असा प्रकार होतो. टीव्हीत `HDMI Black Level`, `Black Level` किंवा सोनीत `HDMI Video Range` अशा नावाचं सेटिंग असतं. ते ऑटोवरून काढून दोन्ही पर्याय पाहा. ज्यात काळा काळाच राहतो आणि तरी अंधारातल्या भिंतीच्या विटा दिसतात, तो बरोबर.

एचडीआर, म्हणजे उजेड आणि अंधार यांतला फरक आणखी ठळक दाखवायचं तंत्र, त्याबद्दल थोडक्यात सांगतो. डेक बाहेरच्या पडद्यावर एचडीआर पाठवू शकतो. पण स्वस्त टीव्हीवर एचडीआरचं चिन्ह असलं तरी त्याची उजेडाची झेप तोकडी असते आणि चित्र उजळण्याऐवजी मलूल होतं. मध्यम किमतीच्या टीव्हीवर मी एचडीआर बंदच ठेवायला सांगतो.

## गेमचं माप

टीव्हीकडे टेन-एटी-पी जायला लागलं, गेम मोड लागला. आता पहिलं माप, म्हणजे गेमचं. लायब्ररीत गेमच्या पानावर दातेरी चाकाचं चिन्ह असतं. त्यातून `Properties`, मग `General`, आणि तिथे `Game Resolution`. इथे `Native` निवडलं की गेमला टीव्हीकडे जाणारं माप दिसतं. मग गेम सुरू करून त्याच्या स्वतःच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जा आणि तिथेही १९२० × १०८० निवडा. अनेक गेम जुनं माप लक्षात ठेवतात, त्यामुळे नुसतं बाहेरून बदलून चित्र जसंच्या तसं राहतं आणि काही झालंच नाही असं वाटतं. गेमच्या यादीत १२८० × ८०० च्या वर काही दिसतच नसेल, तर `Properties` मधला बदल लागू झालेला नाही. गेम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा.

भाच्याकडचे दोन गेम घेऊ, कारण दोघांचा निकाल वेगळा लागतो.

पहिला 'हेडिस'. वरून दिसणारा, हाताने रंगवल्यासारखा आणि चिपला हलका. त्याला `Native` दिलं, आत १९२० × १०८० निवडलं आणि तो ६० फ्रेमवर आरामात चालू लागला. अक्षरं धारदार, काळ्या पट्ट्या गायब. इथे आणखी काही करायचं नाही. जुने गेम, दोन मितींतले गेम आणि बरेचसे छोट्या स्टुडिओंचे गेम याच गटात मोडतात.

दुसरा 'एल्डन रिंग'. हातातल्या स्क्रीनवरही तो तीस ते चाळीस फ्रेमच्या दरम्यान घुटमळतो. दुप्पट ठिपके दिले तर तिशीही टिकत नाही. अशा गेमला `Game Resolution` मध्ये `1280x720` द्यायचं. ८०० नाही, ७२०, कारण ७२० हे टीव्हीच्या १६:९ प्रमाणात बसतं, पट्ट्या राहत नाहीत आणि ठिपके हातातल्यापेक्षा दहा टक्के कमी लागतात. गेमच्या आतही हेच माप निवडायचं. मग `...` बटण दाबून `Performance` च्या पानावर `Scaling Filter` मध्ये `FSR` लावायचं, काही आवृत्त्यांत त्याचंच नाव `Sharp` असतं. हे एएमडीचं तंत्र आहे. चित्र ताणताना ते कडा ओळखतं आणि त्या धारदार ठेवायचा प्रयत्न करतं. त्याला जोडून `Sharpness` ची पट्टी येते, ती मधोमध ठेवा. वर नेली की पानांच्या आणि गवताच्या जागी वाळू पसरल्यासारखी दिसते.

फोर-के न पाठवण्याचा फायदा इथे पुन्हा दिसतो. ७२० वरून १०८० म्हणजे दीडपट ताण, आणि एवढा ताण `FSR` नीट सांभाळतं. ७२० वरून थेट फोर-के म्हणजे तिप्पट. तिथे त्याच्याकडे अंदाज बांधायला पुरेशी माहितीच नसते आणि चित्र तेलकट होतं. एखाद्या गेमच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये `FSR 2` किंवा `FSR 3` असेल तर डेकचं `FSR` बंद ठेवून गेममधलं वापरा. गेमला कोणती वस्तू कुठून कुठे सरकली हे माहीत असतं. आधीच्या फ्रेमांतून तो तपशील गोळा करतो, डेक तसं करू शकत नाही. 'एल्डन रिंग'मध्ये अशी सोय नाही, म्हणून तिथे डेकचंच.

## चाळीस फ्रेमचा मंत्र टीव्हीवर का चालत नाही

डेक वापरणाऱ्यांत चाळीस फ्रेमची मर्यादा लोकप्रिय आहे. साठ झेपत नाही आणि तीस फार जड वाटतं, तेव्हा चाळीस हा सुखाचा मध्य. भाच्यानेही तीच लावून ठेवली होती, आणि टीव्हीवर कॅमेरा फिरवला की चित्र उचक्या देत होतं. फ्रेमचा आकडा मात्र स्थिर चाळीस दाखवत होता, म्हणून तो चक्रावला होता.

हातातल्या स्क्रीनवर चाळीस सुंदर चालतं, कारण डेकची स्वतःची एलसीडी स्क्रीन आपली गतीच चाळीस हर्ट्झवर आणू शकते. एक फ्रेम, एक रिफ्रेश, प्रत्येकी २५ मिलिसेकंद. टीव्ही मात्र साठवरच धावत राहतो. दर १६.७ मिलिसेकंदांनी तो पडदा नव्याने रंगवतो आणि नवी फ्रेम तयार नसेल तर जुनीच पुन्हा दाखवतो. मग चाळीसपैकी एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद दिसते, पुढची ३३.३, पुन्हा १६.७, पुन्हा ३३.३. सरासरी बरोबर भरते, पण चाल लंगडी होते, आणि डोळ्याला सरासरी दिसत नाही, चाल दिसते.

म्हणून साठ हर्ट्झच्या टीव्हीवर दोनच आकडे कामाचे: ६० आणि ३०. 'एल्डन रिंग'ला `Performance` मध्ये `Framerate Limit` ३० केलं तेव्हा आकडा कमी झाला आणि खेळ मात्र गुळगुळीत झाला. भाच्याला ते आधी पटलं नाही. कॅमेरा गोल फिरवून दाखवल्यावर पटलं. तीसवर बटणाचा प्रतिसाद थोडा जड होतो हे मान्य, आणि म्हणूनच टीव्हीचा गेम मोड इथे साठपेक्षाही जास्त गरजेचा.

टीव्ही खरोखरच १२० हर्ट्झचा असेल आणि हबमधून `1920x1080` ला १२० मिळत असेल, तर चाळीस पुन्हा चालतं, कारण एकशेवीसला चाळीसने पूर्ण भाग जातो, प्रत्येक फ्रेम तीनदा. पण 'खरोखरच' हा शब्द महत्त्वाचा आहे. खोक्यावरचा 'मोशन रेट' किंवा तत्सम नावाचा आकडा म्हणजे रिफ्रेश रेट नव्हे. त्यात टीव्हीने स्वतः घातलेल्या खोट्या फ्रेमांचा हिशेब असतो. डेकच्या यादीत १२० दिसतंय का, हीच त्यातल्या त्यात भरवशाची खूण.

एवढं सगळं करूनही फ्रेम दुपारी पडतात आणि रात्री पडत नाहीत, असं झालं तर सेटिंगला दोष देऊ नका. डेक ० ते ३५ अंश तापमानाच्या हवेत नीट चालतो असं व्हॉल्व्हनेच २०२२ मध्ये सांगितलं आहे, आणि चिप फार तापला तर तो स्वतःला वाचवायला गती कमी करतो. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा बंद खोलीत टीव्हीच्या कपाटात कोंबलेला डेक काय करणार? त्याची हवा मागून आत जाते आणि वरून बाहेर पडते. त्याला कपाटाबाहेर, मागे आणि वर मोकळी जागा ठेवून मांडा. कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नका, त्या हवेत ओल असते. चार्जर ४५ वॉटचा हवा आणि तो हबमधून लावला असेल तर थोडी वीज हब स्वतः खातो. खेळता खेळता बॅटरी उतरत गेली तर आधी तिथे बघायचं.

राहिली एक गोष्ट. `Game Resolution` च्या खाली, बाहेरची स्क्रीन आणि डेकची स्क्रीन या दोघांना एकच माप लावायचं का, असा खटका असतो: `Set resolution for internal and external display`. तो बंद ठेवा. चालू राहिला तर 'एल्डन रिंग' डॉकमधून काढून हातात घेतल्यावरही ७२० मध्येच चालेल आणि छोट्या स्क्रीनवर वर-खाली विनाकारण काळ्या पट्ट्या राहतील. आणि 'एल्डन रिंग'ची तीसची मर्यादा हातात घेतल्यावर पुन्हा चाळीस करा. `Performance` मध्ये `Use per-game profile` चालू असलं की ती फक्त त्याच गेमपुरती राहते, 'हेडिस'ला तिचा धक्का लागत नाही.